कुपन की कुकर?

जून-जुलै उजाडला की पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शनिवार पेठ इथल्या विजेच्या खांबांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या शटरवर दोन प्रकारचे कागद दिसू लागतात. एकावर ‘कॉट बेसिसवर राहण्याची सोय’ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘घरगुती जेवण, मासिक मेस’. लातूर, बीड, नांदेड, सोलापूर, धाराशिवकडून स्पर्धा परीक्षेसाठी किंवा कॉलेजसाठी आलेली मुलं-मुली पहिल्या कागदाचा निकाल दोन दिवसांत लावतात. दुसऱ्याचा निकाल वर्षभर लागत नाही. दिवाळीपर्यंत दोन मेस बदलून होतात, मग कुणीतरी इंडक्शन आणतं, महिनाभर खिचडी शिजते आणि जानेवारीत पुन्हा मेसचं कुपन घेतलं जातं.

असं होतं, कारण हिशोब अर्धवट केलेला असतो. मेस बत्तीसशेची आणि किराणा पंधराशेचा, म्हणजे महिन्याला सतराशे वाचले, एवढ्यावर निर्णय होतो. हा हिशोब नीट मांडला तर उत्तर वेगळं येतं, आणि ते माणूस एकटा राहतो की तिघांत राहतो यावर जास्त अवलंबून असतं.

आधी मेस. पेठांमधल्या साध्या शाकाहारी मेसचा दोन वेळचा दर साधारण तीन ते साडेतीन हजारांच्या आसपास धरायला हरकत नाही. भाग आणि चव यांप्रमाणे तो खालीवर होतो. आपण ३,२०० धरू. सामाजिक न्याय विभागाच्या स्वाधार योजनेत, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, पुण्यासारख्या मोठ्या शहरात भोजनभत्ता वर्षाला ३२,००० रुपये ठरवलेला आहे. दहा महिन्यांच्या शैक्षणिक वर्षावर तो वाटला तर बरोबर हाच आकडा येतो.

या ३,२०० रुपयांत महिन्याची साठ जेवणं मिळतात असं वाटतं, पण तसं नसतं. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. दुपारी ‘फीस्ट’ असते, म्हणजे पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि एखादं गुलाबजाम किंवा वाटीभर खीर, आणि रात्री ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे जेवणं झाली छप्पन्न. त्यातली दहा-बारा तरी बुडतात. कधी लेक्चर लांबतं, कधी गावाकडे जाणं होतं, कधी अभ्यासिकेतून उठून मेसपर्यंत जायचा कंटाळा येतो. ‘खाडे’ धरायचा नियम बहुतेक ठिकाणी असतो, पण त्याला अट असते: सलग तीन किंवा चार दिवस जाणार असाल आणि आधी सांगितलं असेल तरच. सुटं बुडालेलं जेवण मेसवाल्याच्या खात्यात जमा होतं. छप्पन्नपैकी चव्वेचाळीस जेवणं झाली तर एक ताट सत्तावन्न रुपयांचं न राहता त्र्याहत्तर रुपयांचं होतं.

शिवाय मेसमध्ये नाश्ता नसतो. सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे किंवा उपमा पंचवीस रुपये धरा, महिन्याचे साडेसातशे झाले. चार रविवारच्या रात्री शंभर-शंभर. मेसवर जगणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशातून महिन्याला जेवणापोटी जातात ते ४,३५० रुपये. यात चहा धरलेला नाही, कारण अभ्यासिकेबाहेरच्या चहाचा हिशोब कुणी ठेवत नाही.

मेसवाला लुबाडतो असा याचा अर्थ नाही. सत्तावन्न रुपयांच्या ताटातून जागेचं भाडं जातं, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा आणि वाढप्याचा पगार जातो, व्यावसायिक सिलिंडर जातो. उरलेल्या पैशांत, म्हणजे ताटाच्या निम्म्याच्या आसपास, पोळ्या, भात, भाजी, आमटी आणि लोणच्याची फोड बसवायची असते. गहू आणि तांदूळ यांत फारशी काटकसर करता येत नाही, कारण पोट भरलं नाही तर मुलं दुसऱ्या मेसला जातात. काटकसर होते ती डाळीत आणि भाजीत. म्हणून आठवड्यात चारदा बटाटा दिसतो, दोनदा कोबी, आणि आमटी इतकी पातळ होते की वाढताना तिचा आवाज पाण्यासारखा येतो. जुना मेसकर विद्यार्थी वाढणाऱ्याला ‘काका, खालून द्या’ म्हणतो, ते याचसाठी. डाळ पातेल्याच्या तळाशी बसलेली असते आणि पळी वरून फिरवली की ताटात हळद, तेल आणि कढीपत्ता येतो.

आमटीत डाळ किती आहे हे बघायची सोपी रीत आहे. डबा घरी आणला की आमटी काचेच्या ग्लासात ओतायची आणि पंधरा-वीस मिनिटं हलवायची नाही. पातळ आमटीत डाळ खाली बसते आणि वर पिवळं पाणी राहतं. निम्म्याहून जास्त ग्लास पाणीच दिसत असेल तर त्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम दहा-बारा ग्रॅम पडलेली आहे. जाड वरणात ती पंचवीस-तीस ग्रॅम असते.

आता खोलीतल्या स्वयंपाकाकडे वळू. एका माणसाला दिवसाला लागतं ते असं: कणीक २०० ग्रॅम, म्हणजे मध्यम सात पोळ्या, तांदूळ १०० ग्रॅम, डाळी आणि कडधान्यं मिळून ८० ग्रॅम, भाजी ३०० ग्रॅम, तेल पाच-सहा चहाचे चमचे, नाश्त्याला पोहे किंवा रवा मूठ-दीड मूठ आणि थोडे शेंगदाणे. महिन्याला सहा किलो कणीक, तीन किलो तांदूळ, अडीच किलोला थोडी कमी डाळ, नऊ किलो भाजी आणि पाऊण लिटर तेल. पुण्यातल्या सध्याच्या ढोबळ किमती धरल्या, म्हणजे कणीक बेचाळीस, तांदूळ पंचावन्न, डाळ सरासरी एकशेवीस, भाजी सरासरी पन्नास, तेल दीडशे, तर मीठ-मसाला, साखर, चहा आणि तिघांत वाटलेलं इंधन धरून माणशी १,७०० ते १,७५० रुपये होतात. यात नाश्ता आहे आणि रविवारची रात्रही आहे.

४,३५० आणि १,७५०. इथपर्यंत सगळं कुकरच्या बाजूने दिसतं.

पण एकट्या माणसाला हा भाव पडत नाही. त्याला मेथीची जुडी घ्यावी लागते आणि दुसऱ्या दिवशी तिची अर्धी फेकावी लागते, कारण फ्रीज नाही. अर्धा लिटर दूध नासतं. पाव किलोचं पाकीट किलोच्या मानाने महाग पडतं. इंधन वाटून घ्यायला कुणी नसतं. नासाडी आणि जादा इंधन मिळून चारशे रुपये सहज वाढतात. वर भांडीकुंडी आहेत: इंडक्शन, तीन लिटरचा कुकर, कढई, तवा, पोळपाट-लाटणं, डबे, ताट-वाट्या. पाच हजार रुपये लागतात, म्हणजे दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला पाचशे. एकट्याचा खरा खर्च अशा रीतीने २,६५०च्या घरात जातो. मेसशी फरक उरतो सतराशेचा.

या सतराशेसाठी वेळ किती जातो? भाजी आणणं, निवडणं, चिरणं, कणीक मळणं, पोळ्या, कुकर, भांडी, ओटा. सराव झालेल्या माणसालाही तिन्ही वेळांचे मिळून रोज पावणेदोन तास लागतात. महिन्याला पन्नासच्या वर तास झाले. सतराशेला पन्नासने भागलं की तासाला चौतीस रुपये येतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलासाठी पन्नास तास म्हणजे पूर्ण एक आठवड्याचा अभ्यास. आणि हाही हिशोब रोज शिजवलं तरच. प्रत्यक्षात आठवड्यातून दोनदा कंटाळा येतो, मोबाइलवरून दीडशे-पावणेदोनशेचं काहीतरी मागवलं जातं, आणि महिनाअखेर सतराशेतले हजार-बाराशे तिथे गेलेले असतात. इंडक्शन कॉटखाली जातं ते बहुतेक या टप्प्यावर.

तिघांचा हिशोब मात्र खरंच वेगळा आहे. भांड्यांचा खर्च माणशी महिन्याला पावणेदोनशेच्या आत येतो. जुडी पुरती संपते. तिघांचा स्वयंपाक करायला एकट्याच्या दीडपट वेळ लागतो, तिप्पट नाही, आणि तो वाटला जातो. माणशी रोज पाऊण-एक तास आणि महिन्याला बाराशे-पंधराशे नव्हे तर जवळजवळ चोवीसशे रुपयांची बचत. आंबेगाव, नऱ्हे, कर्वेनगरकडे फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलांना हे गणित जमतं, आणि पेठेतल्या एका कॉटवर राहणाऱ्याला जमत नाही, ते याच कारणाने. गावाकडून एसटीने गहू, तांदूळ, तूर येत असेल तर रोख खर्च आणखी सहा-सातशेने उतरतो. मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांतून तो येतोच. पोतं उतरवून घ्यायला स्वारगेटला जावं लागतं एवढंच.

तिघांत भांडण होतं ते पैशांवरून क्वचित, भांडी कोणी घासायची यावरून नेहमी. ज्याने शिजवलं त्याने भांडी घासायची नाहीत, हा एकच नियम पहिल्या दिवशी ठरला तर बिऱ्हाड टिकतं.

आणि पोळ्या. स्वयंपाकातला निम्मा वेळ पोळ्या खातात, म्हणून पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणाव्यात असं प्रत्येकाला सुचतं. एक पोळी आठ रुपयांची धरली तर रोज सात पोळ्यांचे महिन्याला १,६८० होतात. घरी त्याच पोळ्यांची कणीक अडीचशेची असते. वाचवलेले सगळे पैसे एकट्या पोळीत जातात. त्यापेक्षा सोलापूरकडच्या मुलांची रीत शहाणपणाची आहे: घरून कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी आणायची. ती फ्रीजशिवाय कितीतरी दिवस टिकते आणि वरणात कुस्करली की जेवण होतं.

विजेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे चूक झाली तर ती जेवणापुरती राहत नाही. जुन्या वाड्यांतल्या खोल्यांत भिंतीवरचे सॉकेट सहा अँपिअरचे असतात. २३० व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे १,३८० वॉट. बाजारातली इंडक्शन शेगडी १,६०० ते २,००० वॉटची असते. ती पूर्ण जोरावर अशा सॉकेटला लावली, त्यातून मल्टिप्लगवर, की प्लग तापतो, त्याच्याभोवती तपकिरी डाग पडतो, जळक्या प्लास्टिकचा वास येतो. स्वयंपाकानंतर प्लगला हात लावून बघावा. कोमट नव्हे तर गरम लागला तर ती शेगडी त्या सॉकेटची नाही. जाड पिनांचा सोळा अँपिअरचा सॉकेट हवा, नाहीतर शेगडी हजार वॉटवरच चालवावी. हजार वॉटवर पंधरा मिनिटं कुकर म्हणजे पाव युनिट. दोन्ही वेळचा स्वयंपाक धरला तरी दिवसाला एका युनिटच्या आसपास वीज लागते. मालक युनिटला दहा रुपये घेत असेल तर महिन्याला तीनशे. गॅस हवा असेल तर कंपन्यांचा पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. गल्लीत मोठ्या टाकीतून भरून मिळणारी बिनशिक्क्याची टाकी मात्र खोलीत आणूच नये.

हा सगळा विचार ज्यांना वसतिगृहात जागा मिळाली त्यांना लागू नाही. तिथे खोलीत शिजवायला मनाई असते आणि मेसचे पैसे बहुधा सत्राच्या सुरुवातीलाच भरलेले असतात. त्यांचा प्रश्न निवडीचा नसून, त्या ताटात काय कमी आहे आणि ते कसं भरून काढायचं, हा असतो.

मेसच्या ताटाविषयी मुलांची ठरलेली तक्रार असते ती सोड्याची: भूक मरावी म्हणून सोडा घालतात. सोडा वापरला जातो हे खरं, पण बहुतेक वेळा तो छोले, वाटाणे, हरभरे लवकर शिजावेत आणि गॅस वाचावा म्हणून. त्याने पोट फुगतं, कडधान्याची साल सुटून ते मऊ लगदा होतं, आणि त्यातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. उसळीला साबणासारखी गुळगुळीत चव आली आणि दाणे अखंड न राहता फुटलेले दिसले की सोडा जास्त पडला असं समजावं. पण मेसच्या ताटातली मोठी उणीव सोड्यापेक्षा वेगळी आहे, आणि ती दिसत नाही.

एका मुलाचा मेसवरचा दिवस मोजून बघू. आठ पोळ्यांतून प्रत्येकी तीन ग्रॅम, म्हणजे चोवीस ग्रॅम प्रथिनं. भातातून सात. दोन वाट्या पातळ आमटीतून पाच. भाजीतून तीन. सकाळच्या पोह्यांतून चार-पाच. एकूण चव्वेचाळीसच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. पासष्ट किलोच्या मुलाला चोपन्न ग्रॅम. दहा ग्रॅमची तूट, आणि जे मिळालं त्यातलं बहुतेक गहू-तांदळातून आलेलं.

मुलींची तूट याहून मोठी असते. एका वेळी दोन पोळ्या आणि थोडा भात खाणाऱ्या मुलीच्या पोटात याच मेसमधून तीस ग्रॅमसुद्धा जेमतेम जातात, आणि पंचावन्न किलो वजनाला लागतात शेहेचाळीस. मेसचा दर दोघांना सारखाच असतो, म्हणजे पैशांच्या बाजूनेही मेस मुलींना महागच पडते. लोहाचं तर विचारू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. बटाटा, कोबी आणि पातळ आमटी यांतून लोह येणार कुठून? त्यात जेवणावर लगेच चहा घेतला की आहे तेही नीट शोषलं जात नाही. चहा तासभर पुढे ढकलणं आणि ताटावर लिंबू पिळणं, हे दोन उपाय जवळजवळ फुकट आहेत.

प्रथिनांची तूटही थोडक्या पैशांत भरून निघते. एक उकडलेलं अंडं सहा ग्रॅम देतं आणि सात रुपयांना येतं. एक ग्लास दूध आठ ग्रॅम, पंधरा रुपये. मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, साधारण तीस ग्रॅम, सहा-सात ग्रॅम देतात आणि चार-पाच रुपयांत होतात. अंडं न खाणाऱ्याने दूध-फुटाणे घ्यावेत. मुलाची तूट दिवसाला वीस रुपयांत बंद होते, मुलीची सत्तावीस-तीसमध्ये. हे पैसे काढायचे कुठून, तर पंचवीस रुपयांच्या पोह्यांतून. पोहे आणि वरून शेव यांत प्रथिनं चार-पाच ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. दूध, फुटाणे आणि केळं हा त्याच पैशांतला याहून चांगला नाश्ता आहे, आणि त्याला शेगडीही लागत नाही.

आता कुकरवाल्यांनी फार खूश होऊ नये. खोलीतला स्वयंपाक आरोग्याला चांगला असतो हे पहिल्या दोन आठवड्यांबद्दल खरं असतं. तिसऱ्या आठवड्यात उसळ भिजत घालायची राहते, भाजी आणणं टळतं, आणि ताटात भात, भातावर लोणचं आणि रात्री दोन मिनिटांचे नूडल्स उरतात. अशा जेवणापेक्षा मेसचं ताट केव्हाही उजवं. तिथे भाजी नावाला का होईना असते. आपलं काय चाललंय हे ओळखायला किराण्याकडे बघावं. महिनाअखेर माणशी दोन-सव्वादोन किलो डाळ-कडधान्य संपलं असेल तर ठीक चाललंय. तांदूळ संपला आणि डाळ तशीच राहिली असेल तर घरगुती जेवण फक्त नावाचं आहे. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहावी. दिवसाला पाच-सहा चमच्यांच्या हिशोबाने एक लिटर एका माणसाला चाळीस दिवस पुरायला हवं. तीन आठवड्यांत संपलं तर आपली कढई मेसच्या तर्रीच्या पुढे गेली.

दुसरा धोका उरलेल्या भाताचा. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरेयस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात. भात रात्रभर उबदार खोलीत राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष सकाळच्या फोडणीने जात नाही, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. मेसमध्ये रात्रीचा भात सकाळी फोडणीचा होऊन येतो तसा खोलीतही येतो. फ्रीज असेल तर तासा-दोन तासांत आत ठेवावा, नसेल तर मोजूनच तांदूळ घ्यावेत. खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या तर शंका भातावर घ्यायला जागा आहे.

पाण्याचं तर पुणेकरांना नव्याने सांगायला नको. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जंतू मिळाला. विद्यार्थ्यांची वस्ती या पट्ट्यात दाट आहे. मेस असो की फ्लॅट, टँकरचं किंवा विहिरीचं पाणी येत असेल तर प्यायचं पाणी खळखळून उकळावं. उकळायला शेगडी लागते, आणि मेसवाल्या मुलाकडे ती नसते. त्याने मेसच्या पिंपातलं पाणी कुठून भरतात हे तरी विचारावं.

मग करायचं काय? पेठेत एकट्याने राहणाऱ्याला मी एक वेळची मेस सुचवीन. तिचा दर दोन वेळच्या निम्म्याहून थोडा जास्त असतो, साधारण अठराशे. दुपारचं जेवण तिथे घ्यावं, म्हणजे पोळ्यांचा प्रश्न सुटतो. रात्री कुकरमध्ये एकच पदार्थ करावा, आणि तो मुगाच्या डाळीची खिचडी असावी, पण आईच्या प्रमाणाने नव्हे. घरी तिला तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ पडते, कारण बरोबर पोळी, भाजी, कोशिंबीर असते. खोलीत ती एकटीच असते, म्हणून डाळ आणि तांदूळ बरोबरीने घ्यायचे: साठ-साठ ग्रॅम, म्हणजे अंदाजे अर्धी-अर्धी वाटी. त्यात दीडशे ग्रॅम भाजी, गाजर, फरसबी, पालक, दुधी, जे स्वस्त असेल ते. चमचाभर तेलात जिरं-हिंग-हळदीची फोडणी, डाळ-तांदळाच्या साडेतीनपट पाणी, मध्यम आचेवर चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप उतरू द्यायची. याला अर्धा तास लागतो, त्यातली हातातली मिनिटं दहा-बारा. इंधन धरून खर्च पंचवीस रुपयांच्या आत. प्रथिनं वीस ग्रॅमच्या पुढे जातात, म्हणजे चार पोळ्यांच्या मेसच्या ताटाइतकी किंवा थोडी जास्तच, आणि त्यातली दोन तृतीयांश डाळीची. कुकरच्या वरच्या भांड्यात एक-दोन अंडी ठेवली तर ती त्याच वाफेत उकडून निघतात. मसूर, तूर-तांदूळ, मोड आलेली मटकी असं बदलत गेलं तर आठवडा कंटाळवाणा होत नाही. रविवारी रात्रीचे शंभर रुपयेही वाचतात.

महिन्याचा हिशोब असा पडतो: मेस अठराशे, रात्रीची खिचडी साडेसातशे, दूध-फुटाणे-केळं साडेसातशे, भांड्यांपोटी तीनशे. एकूण छत्तीसशे. पूर्ण मेसपेक्षा साडेसातशे कमी आणि पूर्ण स्वयंपाकापेक्षा हजारभर जास्त, पण रोजचा वेळ अर्ध्या-पाऊण तासावर येतो आणि प्रथिनांची तूट राहत नाही.

मेस लावायचीच असेल तर महिन्याचे पैसे भरण्याआधी सुटं कुपन घेऊन दोनदा जेवून बघावं, आणि ते रविवारी दुपारी नव्हे. फीस्टला सगळ्याच मेस चांगल्या असतात. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री, शेवटच्या अर्ध्या तासात जावं. तेव्हा पातेल्यात काय उरतं, पोळी गरम मिळते की फडक्यातली, भात सकाळचा आहे का, हे कळतं. हात धुवायच्या जागेशेजारी भांडी घासायची जागा असते, तिथे पाणी वाहतं आहे की एकाच बादलीत ताटं बुचकळली जातात, ते बघावं. भिंतीवर एफएसएसएआयचं नोंदणीपत्र लावलेलं असायला हवं. आणि मेसच्या काकूंना तीन गोष्टी पैसे देण्याआधी विचारून घ्याव्यात: खाडे किती दिवसांचे धरता, कुपनाची मुदत महिन्यापुरतीच की पुढच्या महिन्यात चालतं, आणि पोळीऐवजी वाटीभर जास्त वरण मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला पुष्कळ काकू हसून होकार देतात. दोन पोळ्या खाणाऱ्या मुलींनी तो आवर्जून विचारावा.